पिशवी काढली, ओव्हरी ठेवल्या

गर्भपिशवी काढायची हे ठरायला मला तसा वेळ लागला नाही, खरा वेळ गेला तो ओव्हरीचं काय करायचं ह्यात. आणि बऱ्याच जणींना हे दोन वेगळे निर्णय आहेत हेच कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझं वय तेव्हा ४५. निदान होतं अ‍ॅडिनोमायोसिस, म्हणजे पिशवीच्या आतलं अस्तर तिच्याच स्नायूच्या भिंतीत शिरून वाढतं, भिंत जाड होते आणि पाळीत जीव जातो. जोडीला ६ सेंटीमीटरचा एक फायब्रॉइड. पिशवी १४ आठवड्यांच्या गरोदरपणात असते तेवढी झालेली. गुठळ्या पडायच्या, रात्री उठून उठून पॅड बदलायचं, हिमोग्लोबिन ७.६. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या घेऊन झाल्या, हार्मोनची कॉपर-टीसारखी दिसणारी ती कॉइल असते ना, ती पण बसवली, पण एका जोरदार पाळीत ती चक्क बाहेर पडली. पिशवी मोठी आणि ब्लीडिंग जास्त असलं की असं होऊ शकतं म्हणे. अस्तराची बायोप्सी आणि पॅप स्मिअर दोन्ही नॉर्मल आले, म्हणजे कॅन्सर नाही, पण त्रास काही थांबत नव्हता. त्यामुळे पिशवी काढायला मी मनाने तयारच होते.

पहिल्या डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं ‘टीएलएच विथ बीएसओ’. टीएलएच म्हणजे दुर्बिणीतून पूर्ण पिशवी मुखासकट काढणं. आणि बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूच्या नळ्या आणि दोन्ही ओव्हरी. मी विचारलं ओव्हरी का, त्यांना काय झालंय? तर म्हणाले, “नाहीतरी चार-पाच वर्षांत पाळी जाणारच आहे, ठेवून करायचंय काय? उद्या तिथे कॅन्सर झाला तर परत पोट उघडावं लागेल.” घरातही तोच सूर, एकदाचं सगळं काढून टाक म्हणजे कटकट मिटेल. ऐकायला एकदम पटतं हो हे. फक्त मला आमच्या मोठ्या जाऊबाई दिसत होत्या, त्यांची पिशवी ४३ व्या वर्षी ओव्हरीसकट काढली होती आणि त्यानंतरची त्यांची काही वर्षं मी घरात बघितलेली होती. त्यांच्याविषयी पुढे लिहिते.

म्हणून दुसरं ओपिनियन घेतलं. ह्या मॅडमनी आधी एक कागद घेऊन चित्र काढलं. पिशवी, तिचं मुख, दोन नळ्या, दोन ओव्हरी. म्हणाल्या, तुमचा आजार फक्त पिशवीत आहे. पिशवी हार्मोन बनवत नाही, ती हार्मोनचं ऐकते. हार्मोन बनवते ओव्हरी. नुसती पिशवी गेली तर पाळी बंद होते पण मेनोपॉज येत नाही, इस्ट्रोजेन चालूच राहतं. दोन्ही ओव्हरी काढल्या तर मात्र त्याच दिवसापासून मेनोपॉज. आणि तो नैसर्गिकसारखा हळूहळू नाही, नैसर्गिकमध्ये काही वर्षं वरखाली होत होत इस्ट्रोजेन उतरतं, इथे एकदम कडेलोट.

मग मी तोच प्रश्न त्यांना टाकला, की चार-पाच वर्षांत बंदच पडणार असतील तर एवढा हट्ट कशाला. त्यावर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे ४५ ते ५०-५१ ही वर्षं फुकट नाहीत, हाडं आणि रक्तवाहिन्या ह्यांना ह्या काळात इस्ट्रोजेन मिळतं का नाही ह्याने पुढे फरक पडतो. दुसरी गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती, पाळी गेल्यावरही ओव्हरी पूर्ण बंद पडत नाही. इस्ट्रोजेन बनवणं जवळपास थांबतं पण टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या जवळचे हार्मोन ती बरीच वर्षं थोडे थोडे बनवत राहते, आणि शरीरातली चरबी त्यातल्या काहींचं सौम्य इस्ट्रोजेन बनवते. ओव्हरी काढल्या की बाईच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉनही साधारण निम्म्यावर येतं. इच्छा कमी होणं, थकवा, ह्यात त्याचा हात असू शकतो.

आता कॅन्सरची भीती. ती खोटी नाहीच, ओव्हरीचा कॅन्सर उशिरा कळतो म्हणूनच तो वाईट. पण घराण्यात काही नसेल तर आयुष्यभरात तो होण्याची शक्यता साधारण १०० बायकांत १ च्या आसपास. आणि ह्यातला सगळ्यात जास्त आढळणारा, सगळ्यात घातक जो प्रकार आहे तो पुष्कळदा ओव्हरीत सुरूच होत नाही, नळीच्या झालरीसारख्या टोकाला सुरू होतो आणि तिथून ओव्हरीवर जातो. त्यामुळे पिशवी काढताना नळ्या काढायच्या आणि ओव्हरी ठेवायच्या हा मधला मार्ग आता खूप ठिकाणी सुचवतात, कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये तर २०१० पासून ह्याची मोहीमच आहे. नळ्यांना मुलं होण्यापलीकडे काम नाही, हार्मोन त्या बनवत नाहीत. शक्यता शून्य होत नाही, पण बरीच उतरते आणि बदल्यात काही गमवावं लागत नाही. मला वाटतं सगळ्या चर्चेत माझ्यासाठी निर्णायक ठरलं ते हेच, कारण तोपर्यंत मी ‘कॅन्सर की हार्मोन’ असा एकच सौदा समजत होते.

मॅडमनी एका मोठ्या अभ्यासाबद्दलही सांगितलं, अमेरिकेतल्या नर्सेसचा, २००९ मध्ये आलेला. साध्या आजारासाठी पिशवी काढलेल्या सुमारे २९,००० बायका, २४ वर्षं पाठपुरावा. ओव्हरी काढलेल्यांमध्ये ओव्हरीचा आणि स्तनाचा कॅन्सर कमी झाला, पण हृदयविकार वाढला आणि एकूण मृत्यू थोडे जास्तच निघाले. कुठल्याही वयोगटात ओव्हरी काढल्याने आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. ५० च्या आत काढून नंतर इस्ट्रोजेन न घेतलेल्यांचं नुकसान जास्त. पण लगेच त्या हेही म्हणाल्या की हे नुसतं निरीक्षण आहे, चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले नाहीत, आणि दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात, जिथे बायका वयाने मोठ्या होत्या, तिथे हृदयविकारात फरक सापडला नव्हता. म्हणजे ६५ च्या बाईला हा हिशोब तसाच लागू होत नाही. वय जितकं लहान तितकं ओव्हरी ठेवण्याच्या बाजूचं पारडं जड.

हे सगळं अर्थात सरसकट नाही. मॅडमनी माझ्या घराण्याची उलटतपासणीच घेतली म्हणा ना. आई, मावश्या, आत्या, आजी, कुणाला स्तनाचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर, आणि कुठल्या वयात. वय महत्त्वाचं. माझ्या एका मावशीला स्तनाचा झाला होता पण सत्तरीत, आणि बाकी कुणाला नाही, तर तेवढ्यावरून जीनची टेस्ट लागेल असं त्यांना वाटलं नाही. पण चाळिशीच्या आत कुणाला झाला असता, किंवा ओव्हरीचा कॅन्सर एकीला जरी असता तरी त्या आधी बीआरसीए टेस्ट करायला लावणार होत्या. कारण बीआरसीए १ चा दोष असेल तर ओव्हरीच्या कॅन्सरची शक्यता १०० मध्ये १ राहत नाही, ४० च्या आसपास जाते, तिथे ३५ ते ४० वयातच ओव्हरी काढायला सांगतात आणि ते बरोबरच आहे. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे अस्तरासारखा भाग पिशवीच्या बाहेर वाढायचा आजार, खूप पसरलेला असेल, ओव्हरीत चॉकलेट सिस्ट परत परत होत असतील तरीही गणित बदलतं, कारण ठेवलेली ओव्हरी त्या आजाराला खतपाणी घालत राहते.

ह्यात माझ्या दोन रिपोर्टनी घोळ घातला होता. सोनोग्राफीत डाव्या ओव्हरीत ३ सेंटीमीटरची सिस्ट, आणि सीए १२५ आलं ५८, जिथे ३५ च्या आत नॉर्मल धरतात. पहिल्या डॉक्टरांनी ह्यावर बोट ठेवलं होतं आणि आमच्या ह्यांची तर झोपच उडाली होती. मॅडमनी विचारलं, रक्त कधी दिलं होतं? पाळीच्या दुसऱ्या दिवशी. त्या हसल्याच. सीए १२५ फक्त कॅन्सरमध्ये वाढतं असं नाही, अ‍ॅडिनोमायोसिस, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस आणि चालू पाळी, सगळ्यात वाढतं, आणि माझ्याकडे ह्यातल्या तीन गोष्टी हजर होत्या. सिस्ट पातळ भिंतीची, आत नुसतं पाणी, पडदे नाहीत, घट्ट भाग नाही, म्हणजे त्या महिन्याचं अंडं तयार होतानाची असण्याचीच शक्यता. पुढच्या पाळीनंतर परत सोनोग्राफी केली, सिस्ट गायब. ती बघायच्या आधीच ऑपरेशन झालं असतं तर ‘सिस्ट होती म्हणून काढली’ असं फाइलवर आलं असतं आणि मीही मान डोलावली असती.

तेवढ्या वेळात शिरेतून आयर्न देऊन हिमोग्लोबिन ११ पर्यंत आणलं. रक्त द्यावं लागू नये म्हणून हे आधी करणं चांगलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कन्सेंट फॉर्म आला आणि बघते तर काय, त्यावर परत ‘टीएलएच विथ बीएसओ’! कुणीतरी नेहमीच्या सवयीने छापील मजकूर भरला होता. मी सही केली नाही, मॅडमना बोलावलं, त्यांनी स्वतः खोडून लिहिलं: पूर्ण पिशवी मुखासकट, दोन्ही नळ्या, दोन्ही ओव्हरी ठेवणे. खाली एक ओळ वाढवली की ऑपरेशनमध्ये ओव्हरी बघून संशय आला तर तिथल्या तिथे तुकडा तपासायला पाठवतील आणि कॅन्सर निघाला तरच काढतील. ही ओळ मला योग्य वाटली कारण भूल दिल्यावर कुणी आपल्याला विचारायला येणार नसतं. ज्यांचं व्हायचंय त्यांनी ह्या कागदावर ‘बीएसओ’ आहे का ‘बीएस’ ते नक्की बघा, एका अक्षरात दोन्ही ओव्हरी जातात.

ऑपरेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दुर्बिणीतून झालं, गर्भपिशवी पोटातच एका बंद थैलीत घालून, तिचे तुकडे करून खालच्या वाटेने बाहेर काढली, दुसऱ्या दिवशी लघवीची नळी निघाली, मग घरी. ६ आठवडे जड उचलायचं नाही, संबंध नाहीत, कारण आत योनीच्या वरच्या टोकाला टाके असतात. थोडं गुलाबी-तपकिरी जात राहतं, ते चालतं. ताप, घाण वास किंवा ताजं लाल रक्त आलं की लगेच फोन करायचा हे बजावलं होतं. पॅथॉलॉजीत अ‍ॅडिनोमायोसिस आणि साधा फायब्रॉइड, नळ्या स्वच्छ.

पण तिसऱ्या आठवड्यात मला घाम फुटायला लागला! रात्री पांघरूण फेकून द्यायचं, छातीपासून वर गरम वाफ. मी मॅडमना म्हटलं ओव्हरी ठेवल्या ना तुम्ही नक्की? त्यांनी समजावलं की ओव्हरीला रक्त दोन वाटांनी येतं, एक तिची स्वतःची वरून येणारी रक्तवाहिनी आणि दुसरी पिशवीच्या रक्तवाहिनीची फांदी. पिशवी काढताना ही दुसरी वाट कापली जातेच. त्यामुळे काही दिवस ओव्हरी सुस्तावते, मग बहुतेक वेळा पहिल्या वाटेवर जुळवून घेते. ह्या काळात एफएसएच, म्हणजे ओव्हरी थकली की रक्तात वाढणारं हार्मोन, तपासलं तर फसवा आकडा येऊ शकतो, म्हणून तेव्हा तपासायचंच नाही म्हणाल्या. आणि खरंच पुढच्या दोनेक महिन्यांत ते थांबलं.

मग सुरू झाली एक गंमतशीर अवस्था. पाळी नाही पण महिन्यातून काही दिवस छाती दुखते, चिडचिड होते, मग आपोआप उतरते. म्हणजे ओव्हरी चालू. पाळी नसली की मेनोपॉज कधी आला हे सांगणारं घड्याळच घरातून गेलेलं असतं, त्यामुळे हीच खूण. मी मोबाइलच्या कॅलेंडरवर नुसती टिंबं करून ठेवायचे.

आता दुसरी बाजू, जी ‘ओव्हरी ठेवा’ म्हणणारे कधी कधी सांगत नाहीत. ओव्हरी ठेवल्या तरी पिशवी काढलेल्यांना मेनोपॉज सरासरीने लवकर येतो, एका अभ्यासात ४ वर्षांनी पिशवी काढलेल्यांपैकी साधारण १५ टक्के बायकांच्या ओव्हरी थांबल्या होत्या, न काढलेल्यांमध्ये ८ टक्के. रक्तपुरवठा कमी झाला म्हणून की ज्या आजारासाठी पिशवी काढली तोच कारण, हे अजून पक्कं नाही. मी त्या १५ मध्ये निघाले. सुमारे दोन वर्षांनी टिंबं विस्कळीत झाली, मग बंदच. पहाटे तीनला जाग, बोटांचे सांधे आखडलेले, संबंधात जळजळ. थायरॉइड आधी तपासला, तो ठीक. एफएसएच ६२, इस्ट्रॅडिऑल अगदी तळाला. काही आठवड्यांनी परत केलं तरी तसंच. म्हणजे ४७ व्या वर्षी मेनोपॉज.

मग ओव्हरी ठेवून काय मिळालं असं नवऱ्याने अगदी सरळ विचारलं. माझ्या मते बरंच मिळालं. दोन वर्षं जास्त, आणि मुख्य म्हणजे कडेलोट नाही, उतार. शिवाय टेस्टोस्टेरॉनचा तो थोडा साठा अजून आहे. पण ज्यांना वाटतं की ठेवल्या म्हणजे ५२ पर्यंत निश्चिंत, तसं नाही.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये कमरेच्या मणक्याचा टी-स्कोर उणे १.४ आला, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीत पण ऑस्टिओपोरोसिस नाही, तो उणे २.५ पासून. एलडीएलही आधीपेक्षा वाढलेलं. मॅडमनी इस्ट्रोजेनचं जेल दिलं, रोज दंडावर चोळायचं. पिशवी नसल्याचा इथे एक फायदा होतो. पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन देता येत नाही, अस्तर वाढून कॅन्सरचा धोका, म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतं. मला ते लागत नाही. आणि स्तनाच्या कॅन्सरची जी भीती एचआरटीच्या, म्हणजे मेनोपॉजनंतर बाहेरून हार्मोन देण्याच्या नावाने घातली जाते ती मुख्यतः त्या जोडगोळीतून आलेली आहे, पिशवी काढलेल्या १०,००० हून जास्त बायकांवरच्या अमेरिकन चाचणीत नुसत्या इस्ट्रोजेनने स्तनाचा कॅन्सर वाढला नव्हता. स्ट्रोक मात्र थोडे वाढले होते, पण तिथे गोळी होती आणि बऱ्याच बायका साठीच्या पुढच्या. त्वचेवरून दिलेल्या इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीसारखा वाढत नाही म्हणून जेल. स्वतःला स्तनाचा कॅन्सर झालेला, आधी गुठळी किंवा स्ट्रोक झालेला असेल तर हे सगळं वेगळं, तिथे आपल्या मनाने काही घ्यायचं नाही. मला साधारण ५१ पर्यंत घ्यायचंय, मग परत बसून बघायचं. घाम आठवड्याभरात कमी झाला, सांध्यांना जास्त वेळ लागला, आणि जळजळीसाठी जेल पुरलं नाही, आत लावायचं क्रीम वेगळं घ्यावं लागलं.

जाऊबाईंचं सांगायचं राहिलं. त्यांना ऑपरेशननंतर हॉस्पिटलमध्येच घाम सुरू झाला होता आणि “सवय होईल” म्हणून घरी पाठवलं, इस्ट्रोजेनचं नावही कुणी काढलं नाही. ५२ व्या वर्षी साधं घसरून मनगट मोडलं तेव्हा पहिल्यांदा डेक्सा झाली, टी-स्कोर उणे २.८. एकीच्या मनगटावरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला कळतं, त्यांच्या आईलाही बाक आलेला होता. पण ४३ व्या वर्षी दोन्ही ओव्हरी काढल्या तर इस्ट्रोजेन का देत नाही ह्याचं कारण डॉक्टरांनी सांगायला हवं, ते न सांगता सोडणं चूक होतं असं मला आजही वाटतं.

आता त्याच मला म्हणतात, “अगं, तू ओव्हरी ठेवल्यास ना, मग दरवर्षी सोनोग्राफी आणि ते सीए १२५ करत जा.” मी मॅडमना विचारलं तर त्या नको म्हणाल्या. ब्रिटनमध्ये २ लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं हेच करून बघितलं, २०२१ मध्ये निकाल आला, मृत्यू कमी झाले नाहीत. उलट माझ्या त्या ५८ सारखे आकडे येऊन विनाकारण ऑपरेशनं होतात. त्याऐवजी सांगितलंय की पोट सतत फुगलेलं, थोडं खाल्लं की भरल्यासारखं, ओटीपोटात दुखणं किंवा वारंवार लघवी, हे नव्याने सुरू झालं आणि दोन-तीन आठवडे रोजच्या रोज राहिलं तर थांबायचं नाही, दाखवायला यायचं. पॅप स्मिअर पण आता नाही, मुख काढलंय आणि आधीचे सगळे रिपोर्ट चांगले होते म्हणून. ज्यांचं मुख ठेवलंय त्यांना मात्र ते चालू ठेवावं लागतं. डेक्सा परत दोन वर्षांनी आहे, तोपर्यंत व्हिटॅमिन डी आणि वजनं उचलायचा व्यायाम चालू, पैकी व्यायामाला आठवड्यातून एखादी दांडी पडतेच.